मानेवरचं घामोळं आणि हेल्मेटचा पट्टा

मे महिन्यात ठाण्यात स्कूटरवर जाताना मी चेहऱ्याला ओढणी गुंडाळते, वर हेल्मेट. मानेवर आणि जबड्याच्या कडेनं, नेमका पट्टा घासतो तिथे, बारीक लाल पुरळ उठलं. घाम आला की सुया टोचल्यासारखं व्हायचं.

घामाच्या नळ्यांची तोंडं बंद झाली की घाम कातडीतच अडकतो. त्यावर तेल किंवा घट्ट क्रीम चोपडणं म्हणजे आणखी बूच मारणं, म्हणून दोन्ही बंद केलं. सिंथेटिक ओढणीऐवजी सैल सुती रुमाल घेतला आणि पट्टा रोज पुसू लागले. घरी आल्यावर गार पाण्यात पिळलेला मऊ कपडा दहा मिनिटं मानेवर ठेवायचा, न घासता टिपायचं, मग पंख्याखाली बसायचं. खाजेला कॅलामाइन लोशनचा पातळ हात, डोळे-ओठ सोडून. पावडर नाही, घामात तिचा नुसता लगदा होतो. मैत्रिणीनं दिलेली खाजेची ट्यूबही लावली नाही. तिच्यात स्टेरॉइड होतं, आणि ते डॉक्टरांना न विचारता चेहऱ्यावर लावत राहिलं तर कातडी पातळ होते.

काही दिवसांत लाली उतरली. पू दिसला, ताप आला किंवा गारव्यातही पुरळ हटत नसेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बुरशीचा संसर्गही कधीकधी असाच दिसतो.