विद्यार्थी परिषदेची उमेदवारी : छाननीपूर्वी या चुका टाळा

विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी लागू केल्या. त्यांनुसार उमेदवाराची हजेरी विद्यापीठाने ठरवलेल्या टक्क्यांइतकी किंवा 75 टक्के, यांपैकी जे अधिक असेल तितकी असावी लागते. खेड्यातून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज बहुधा याच अटीपाशी अडतो. निवडणूक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत घ्यावी, अशी शिफारस असल्यामुळे तोवर तासिका थोड्याच झालेल्या असतात आणि डवरणी-निंदणाच्या दिवसांतील गैरहजेरी टक्केवारीत जड जाते.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याच्या 120 तासिका झाल्या आणि तो 86 तासिकांना हजर होता. त्याची हजेरी 72 टक्क्यांच्याही आत राहिली. चार तासिका कमी पडल्या, तेव्हा पुढच्या चार भरल्या की झाले, असे त्याला वाटते. ही पहिली चूक. पुढच्या तासिकांबरोबर एकूण संख्याही वाढत असल्याने त्याला सलग 16 तासिकांना हजर राहावे लागेल, तेव्हा 136 पैकी 102, म्हणजे नेमके 75 टक्के होतील. रोज चार तासिका असतील, तर याला कामाचे चार दिवस लागतात. छाननी दोन दिवसांवर आल्यावर हे कळून उपयोग नसतो. म्हणून हजेरी कोणत्या तारखेपर्यंतची आणि विषयवार की एकत्रित धरणार, हे निवडणुकीची सूचना लागताच कार्यालयातून लेखी घ्यावे. बस उशिरा आल्याने पहिली तासिका सतत बुडत असेल, तर ती हजेरीपटावर गैरहजेरीच असते. नंतर दाखवलेला एसटीचा पास ती भरून काढत नाही.

दुसरी चूक गुणांविषयीची आहे. समितीने किमान गुणांची अट घातलेली नाही, परंतु निवडणुकीच्या वर्षी एकही विषय मागे राहिलेला नसावा, असे म्हटले आहे. त्यामुळे 80 टक्के मिळवणाराही एका एटीकेटीमुळे बाद ठरू शकतो.

वयाचे गणित सोपे आहे. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी मर्यादा 17 ते 22 वर्षे आहे. बारावीनंतर शेतीसाठी दोन-तीन वर्षे थांबलेल्याने तिसऱ्या वर्षी उभे राहण्यापूर्वी जन्मतारीख तपासावी. पदाधिकारी म्हणून एकदाच आणि कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदाच लढता येते, हेही लक्षात ठेवावे.

शिस्तीबाबत मात्र उमेदवार विनाकारण घाबरतात. प्राचार्यांनी तोंडी समज देणे आणि विद्यापीठाने रीतसर शिस्तभंगाची कारवाई करणे, या दोन्ही वेगळ्या बाबी आहेत. गुन्हेगारी पूर्वेतिहासाच्या अटीतही खटला चालणे किंवा शिक्षा होणे अभिप्रेत आहे. गावच्या भांडणात नुसती तक्रार झाली, एवढ्यावर ती अट मोडत नाही. अर्ज या कारणाने नाकारला, तर कोणत्या आदेशाच्या आधारे नाकारला, हे लेखी मागावे आणि ते पत्र जोडून तक्रार निवारण कक्षाकडे तत्काळ अर्ज करावा.