अचानक गेलेल्या मित्रासाठी दोन ओळी लिहिताना या चुका टाळा

तरुण मित्र अचानक गेल्याची बातमी कळते आणि अर्ध्या तासात त्याचे फोटो स्टेटसला लागायला सुरुवात होते. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण त्या ओळी आपल्या यादीतल्या लोकांबरोबरच त्याच्या घरचेही वाचतात. आज नाही वाचल्या तर दहाव्याच्या सुमाराला कुणीतरी आईच्या हातात मोबाइल देतं आणि ती एकेक पोस्ट सावकाश वाचते. कॅप्शन लिहिताना ही वाचक डोळ्यांसमोर ठेवली, तर पुढच्या बऱ्याच चुका होतच नाहीत.

घरच्यांना कळण्याआधी टाकणं

सगळ्यात जास्त इजा या चुकीने होते आणि ती फक्त घाईमुळे होते. मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला, आईवडील गावी. अशा वेळी घरातला जाणता माणूस, बहुतेकदा काका, मामा किंवा मोठा चुलतभाऊ, आईवडिलांना लगेच खरं सांगत नाही. ‘तब्येत जास्त आहे, दवाखान्यात ठेवलंय, आपल्याला निघायला हवं’ एवढंच सांगून त्यांना गाडीत बसवतात. प्रवास चार-पाच तासांचा असतो. त्या वेळात गाडीतल्या कुणाच्या मोबाइलवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली, तर ती बातमी आईला कुणाच्याही आधाराशिवाय रस्त्यात कळते. आजी-आजोबांना बरेचदा दोन दिवसांनी सांगतात. परदेशातल्या बहिणीला तिच्याजवळ कुणी पोहोचल्यावर सांगायचं असं ठरलेलं असतं.

म्हणून आधी एक फोन करा. तो आईवडिलांना करू नका. सगळी धावपळ बघणाऱ्या माणसाला करा आणि तीनच गोष्टी विचारा: ‘दादा, घरी सगळ्यांना कळलंय का? आम्ही मित्रांनी आज काही लिहिलं तर चालेल का? फोटो कुठला वापरू?’ तो ‘थांबा’ म्हणाला तर थांबायचं. त्याचा फोन लागत नसेल तरी थांबायचं. अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर लिहिलेल्या ओळींचं काही कमी होत नाही.

याच कारणासाठी पहिल्या दिवशी त्याचं खातं टॅग करू नये. त्याचा मोबाइल घरच्यांपैकी कुणाच्या तरी हातात असतो आणि टॅग केलं की तो वाजत राहतो.

कारण लिहिणं

‘हार्ट अटॅकने गेला’, ‘कामाच्या ताणाने गेला’, ‘गाडी फास्ट चालवायचा’ ही वाक्यं लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा कुणाकडून तरी ऐकून माहीत असतात. अचानक मृत्यूत पोलीस अनेकदा अकस्मात मृत्यूची नोंद करतात, शवविच्छेदन होतं, कधी व्हिसेरा राखून तपासणीला पाठवतात आणि तो अहवाल यायला बराच काळ जाऊ शकतो. तोपर्यंत कारण डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नसेल, तर मित्राने कॅप्शनमध्ये ते ठरवून टाकू नये. विमा, कंपनी, पोलीस चौकशी अशा कामांत घरचे अडकलेले असताना त्याचे स्क्रीनशॉट फिरायला लागले, तर त्याचा त्रास त्यांनाच होतो. कारण पक्कं माहीत असलं तरी ते सांगायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल किंवा तशी शंका असेल, तर जास्तच जपायला हवं. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे वृत्तपत्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पद्धत सांगू नका, जागेचे तपशील देऊ नका, ‘यातून सुटला’ असा सूर लावू नका, हे त्यांतले मुख्य मुद्दे कॅप्शनलाही तसेच लागू होतात. ‘का सोडून गेलास रे?’ हा प्रश्न तर इथे घरच्यांना थेट आरोपासारखा ऐकू येतो, कारण ते तोच प्रश्न स्वतःला रात्रंदिवस विचारत असतात. मित्रांच्या गटात कुणी फार खचलेलं दिसलं, तर पोस्टखाली उपदेश लिहीत बसण्यापेक्षा त्याला फोन करा आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर द्या. तो मोफत आहे आणि २४ तास चालू असतो.

तयार वाक्यांवर भर देणं

आता एक कच्चा मसुदा घेऊ. निखिल हे नाव आणि प्रसंग काल्पनिक आहे, पण अशा ओळी आपण सगळ्यांनी वाचलेल्या आहेत. निखिल सत्तावीस वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा, पुण्यात नोकरीला. मंगळवारी पहाटे गेला. त्याच्या हॉस्टेलच्या मित्राने लिहिलं:

‘काळाने घाला घातला! आमचा वाघ हरपला. देव चांगल्या माणसांनाच लवकर का नेतो? भावा, कालच तर बोललो होतो आणि आज हार्ट अटॅकने गेलास, विश्वासच बसत नाही. कामाचं इतकं टेन्शन घेऊ नकोस, किती वेळा सांगितलं होतं तुला. माझं आयुष्य आता पूर्वीसारखं राहणार नाही. का सोडून गेलास रे?’

‘काळाने घाला घातला’ आणि ‘वाघ हरपला’ ही वाक्यं चौकातल्या कोणत्याही फलकावर कोणत्याही नावाखाली चालतात. त्यात निखिल कुठेच नाही. ‘देव चांगल्यांनाच नेतो’ हे सांत्वन म्हणून लिहिलं जातं, पण ज्या आईने कालपर्यंत देवापुढे दिवा लावला तिला त्यातून काय मिळणार? ‘हार्ट अटॅक’ ऐकीव आहे, तो काढायचा. ‘किती वेळा सांगितलं होतं’ हे वाक्य सगळ्यात कठोर आहे. लिहिणाऱ्याला त्यातून काळजी दाखवायची आहे, पण वडिलांना त्यातून एवढंच कळतं की मित्राला दिसत होतं ते आपल्याला दिसलं नाही. ‘माझं आयुष्य’ या वाक्यात दुःखाच्या मध्यभागी लिहिणारा स्वतः येऊन बसतो. मसुदा झाल्यावर ‘मी’, ‘माझं’, ‘मला’ किती वेळा आलं ते पाहा. एकदा ठीक आहे, पण तीनदा आलं असेल तर पुन्हा लिहा.

हे सगळं काढलं की मसुद्यात काही उरत नाही, आणि नेमकी अडचण तिथे आहे. भडक शब्द नुसते पुसून भागत नाही, त्यांच्या जागी निखिलची एखादी गोष्ट यायला हवी. ती मोठी असण्याची गरज नाही. ‘सगळ्यांना मदत करायचा’ असं लिहिण्याऐवजी त्याने केलेलं, दोन-तीन जणांनी पाहिलेलं एक साधं काम आठवा. मग स्वतःला विचारा की हे त्याच्या आईला वाचून दाखवता येईल का. येत असेल तर तेच लिहा. इथे मित्रांना आठवलं ते असं: हॉस्टेलवर नवीन मुलगा आला की निखिल त्याच्याबरोबर हिंडायचा. मेस दाखवायला, बसचा पास काढायला, ऑफिसात फॉर्म भरायला. आईला तो घरातला मुलगा म्हणून माहीत होता, शहरातला हा निखिल तिने पाहिलेला नव्हता. मित्रांकडून घरच्यांना देता येईल अशी एवढीच गोष्ट असते, आणि ती फक्त मित्रांकडेच असते.

मग कॅप्शन असं झालं:

‘आमचा मित्र निखिल याचं मंगळवारी पहाटे निधन झालं. तो सत्तावीस वर्षांचा होता.
हॉस्टेलवर नवीन मुलगा आला की पहिले काही दिवस निखिल त्याच्याबरोबर जायचा. मेस बघायला, बसचा पास काढायला, कॉलेजच्या ऑफिसात. आमच्यातल्या अनेकांची त्याच्याशी ओळख अशीच झाली.
त्याच्या आईबाबांच्या आणि बहिणीच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.
निखिल, तुझी आठवण राहील.’

पहिल्या ओळीत नाव आणि घटना आहे, कारण इन्स्टाग्रामवर पूर्ण कॅप्शन उघडण्याआधी सुरुवातीचाच भाग दिसतो. तिथे ‘धक्कादायक’ किंवा नुसती तुटलेल्या हृदयाची चिन्हं असली, तर वाचणाऱ्याला काय झालं हे शोधत जावं लागतं. ‘तू’ फक्त शेवटी एकदा आलं आहे. सगळं कॅप्शन त्याला उद्देशून लिहिलं, की ते मित्रांचं खाजगी बोलणं होतं आणि घरचे बाहेर राहतात. ‘काहीही लागलं तर आम्ही आहोत’ हे मुद्दाम घातलेलं नाही. ते चारचौघांत लिहिण्याऐवजी पंधरा दिवसांनी घरी जाऊन बँकेच्या किंवा भाड्याच्या खोलीच्या कामात हात लावावा.

घरचा धर्म-रिवाज न पाहता शब्द वापरणं

‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ हे वाक्य सवयीने लिहिलं जातं. मित्राचं घर बौद्ध असेल, तर ईश्वर आणि आत्मा दोन्ही त्यांच्या विचारात बसत नाहीत. तिथे ‘भावपूर्ण आदरांजली’ लिहिलेलं बरं. मुस्लिम किंवा ख्रिस्ती मित्रासाठी त्यांच्या घरचे काय लिहीत आहेत ते पाहा. कळत नसेल तर ‘त्याची आठवण राहील’ एवढं साधं वाक्य कुठल्याही घरी चालतं. नाव-आडनाव घरचे लिहितात तसंच लिहा आणि ‘श्रद्धांजली’ हा शब्द टाकण्याआधी एकदा नीट तपासा, तो हमखास चुकतो.

फोटो आणि त्याखालचं बोलणं

दवाखान्यातला, अंत्ययात्रेतला फोटो नको. पार्टीतला, हातात ग्लास असलेला नको, मग तो कितीही छान हसत असला तरी. ग्रुप फोटोत दुसऱ्या कुणाचं नातं उघड होणार असेल तर तोही नको, कारण घरी काय माहीत आहे आणि काय नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. शेवटच्या चॅटचा स्क्रीनशॉट तर कधीच नाही. तो त्याने तुमच्यासाठी लिहिला होता. मागे रडकं गाणं लावण्याचीही गरज नाही.

पोस्ट टाकली की खाली ‘काय झालं?’, ‘कसं काय?’ हे प्रश्न येणारच. त्याला उत्तर आधीच ठरवून ठेवा: ‘घरच्यांच्या इच्छेचा मान राखून त्याबद्दल इथे बोलत नाही.’ कुणी अंदाज बांधायला लागलं तर ती कमेंट काढून टाका, किंवा कमेंट बंदच करा. अंत्यविधीची वेळ, घरचा पत्ता, भावाचा नंबर त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय टाकू नका.

आणि घरून कुणी, अगदी दूरच्या नातेवाइकाने जरी ‘ते काढलंत तर बरं होईल’ असं म्हटलं, तर का म्हणून विचारू नका. आधी काढा आणि मग त्यांना तसं कळवा.