या चुका टाळा: दोन गोळे, एक हलका दांडा आणि तीन उत्तरं

गणित इतकं छोटं आहे की मुलं त्याच्याकडे नीट बघतही नाहीत. २ किलो आणि ३ किलोचे दोन गोळे ०.५ मीटर लांबीच्या हलक्या दांड्याच्या दोन टोकांना बसवलेत. ही जोडी आपल्या वस्तुमान केंद्रातून जाणाऱ्या, दांड्याला लंब असलेल्या अक्षाभोवती सेकंदाला १० रेडियन या कोनीय वेगाने फिरते आहे. जडत्व आघूर्ण आणि कोनीय संवेग काढा. बारावीच्या वह्या तपासताना जडत्व आघूर्णाची मला तीन उत्तरं हमखास दिसतात: ०.३०, ०.३१२५ आणि ०.३५. बरोबर एकच, पण बाकीची दोन इतकी जवळची की लिहिणाऱ्याला शंकाही येत नाही.

०.३१२५ आलं असेल तर अक्ष दांड्याच्या मधोमध धरला गेलाय. प्रत्येक गोळ्याचं अंतर ०.२५ मीटर, वर्ग ०.०६२५, त्याला एकूण ५ किलोने गुणलं की ०.३१२५. आकृतीत दोन्ही गोळे सारख्याच आकाराचे काढलेले असतात, मग हात आपोआप मध्यावर जातो. माझा एक साधा आग्रह आहे: जड गोळा आकृतीत मोठा काढा. अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

०.३५ वाल्याने वस्तुमान केंद्र काढायला हवं हे ओळखलं आहे, आणि ते बरोबर ओळखलं आहे. त्याने दांडा २:३ असा विभागला आणि २ किलोच्या गोळ्यापासून ०.२ मीटर मोजले. गुणोत्तर बरोबर, पण उलटं लावलं. अंतरं वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतात, कारण केंद्रापाशी m₁r₁ = m₂r₂ व्हायला हवं. बागेतल्या सीसॉवर जाड माणूस मध्याकडे सरकून बसतो, तेच इथे. २ किलोचा गोळा केंद्रापासून ०.३ मीटरवर, ३ किलोचा ०.२ मीटरवर. पडताळा तोंडी होतो: २ × ०.३ = ०.६ आणि ३ × ०.२ = ०.६. उलट लावून बघा, ०.४ आणि ०.९ येतील, ते जुळत नाहीत.

आता जडत्व आघूर्ण:

I = m₁r₁² + m₂r₂² = २ × ०.०९ + ३ × ०.०४ = ०.१८ + ०.१२ = ०.३० किग्रॅ·मी²

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. हलक्या गोळ्याचा वाटा जास्त आला. अंतराचा वर्ग होतो, म्हणून लांबचा हलका गोळा जवळच्या जड गोळ्यापेक्षा वरचढ ठरतो. ‘जड आहे म्हणजे त्याचंच आघूर्ण जास्त’ असं मनात धरून बसलेल्याला हे उत्तर चुकल्यासारखं वाटतं आणि तो बरोबर आलेलं खोडतो. असं खोडलेलं मी पाहिलं आहे.

तीन उत्तरांमधून बरोबर कुठलं, हे उत्तरसूची न बघता कळतं. समांतर अक्षांपैकी वस्तुमान केंद्रातून जाणाऱ्या अक्षाभोवतीचं आघूर्ण सगळ्यात कमी असतं. अक्ष d अंतर सरकवला की त्यात Md² ची भर पडते. मध्यबिंदू केंद्रापासून ०.०५ मीटर दूर आहे: ५ × ०.००२५ = ०.०१२५, म्हणजे ०.३१२५. उलट्या बाजूचा बिंदू ०.१ मीटर दूर आहे: ५ × ०.०१ = ०.०५, म्हणजे ०.३५. दोन्ही चुका काट्यावर ठेवल्यासारख्या सापडतात. दुसरी वाट आणखी छोटी: μ = m₁m₂/(m₁ + m₂) = ६/५ = १.२ किलो, आणि I = μL² = १.२ × ०.२५ = ०.३०. या μ ला रिड्यूस्ड मास म्हणतात. फक्त L म्हणजे इथे दांड्याची पूर्ण लांबी. μ घेऊन पुन्हा r₁ ने गुणणारेही भेटतात. आणि हे सूत्र केंद्रातून जाणाऱ्या लंब अक्षापुरतंच चालतं.

कोनीय संवेगात मात्र चूक आकडेमोडीची नसते, समजुतीची असते. एका हुशार मुलाने लिहिलं होतं: वस्तुमान केंद्र स्थिर आहे, म्हणून एकूण संवेग शून्य, म्हणून कोनीय संवेगही शून्य. पहिली दोन वाक्यं अगदी खरी आहेत. २ किलोच्या गोळ्याची चाल ०.३ × १० = ३ मी/से, ३ किलोच्या गोळ्याची २ मी/से. दोघांचा संवेग ६, दिशा विरुद्ध, बेरीज शून्य. पण कोनीय संवेगात संवेगाबरोबर अंतरही येतं, आणि तिथे दिशेसोबत बाजूही बदलते. एक गोळा उजवीकडे असून वर जातो, दुसरा डावीकडे असून खाली. दोघेही जोडीला एकाच दिशेने फिरवतात, म्हणून बेरीज होते: ०.३ × ६ + ०.२ × ६ = ३.० किग्रॅ·मी²/से. Iω ने पाहिलं तरी ०.३० × १० = ३.०.

याच पायरीवर दोन्ही गोळ्यांना एकच v देण्याची सवय दिसते. सारखा असतो तो ω, v नाही. दोन्ही गोळ्यांचे mv सारखे आले नाहीत, तर एक तर अंतरं चुकलीत किंवा चाल. कोनीय वेग मिनिटाला फेऱ्यांत दिला असेल तर आधी २π/६० ने गुणा, याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

‘हलका’ हा शब्द प्रश्नात शोभेला नाही. प्रयोगशाळेत दांडा २०० ग्रॅमचा निघाला तर त्याचे एकट्याचेच सुमारे ०.००४७ मिळवावे लागतात. गोळेही बिंदू नसतात. ३ किलोचा लोखंडी गोळा जवळपास साडेचार सेंटिमीटर त्रिज्येचा असतो, आणि दोन्ही गोळ्यांची स्वतःची (२/५)mr² मिळून आणखी ०.००४ च्या आतबाहेर भर पडते. दोन्ही मिळून पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. मोजलेलं उत्तर ०.३१ कडे झुकलं की मध्यबिंदूच्या चुकीला दोष देण्याआधी दांडा वजनकाट्यावर ठेवून बघा.

हा दांडा खरोखर बिनवजनाचा सापडतो तो रेणूत. कार्बन मोनॉक्साइडमध्ये १२ आणि १६ अणुवस्तुमान एककांचे दोन अणू १.१३ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात. तिथे μ येतं ६.८६ एकक, आणि I सुमारे १.४५ × १०⁻⁴⁶ किग्रॅ·मी². हा रेणू हवा त्या वेगाने फिरू शकत नाही, कोनीय संवेग ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो. म्हणून शून्य आणि पहिल्या पायरीमधल्या वर्णपटरेषेची वारंवारता I च्या व्यस्त प्रमाणात ठरते: ११५.२७ गिगाहर्ट्झ. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी १९७० मध्ये ती मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात पकडली.

इथे मध्यबिंदू धरला तर ६.८६ च्या जागी ७ येतात, चूक दोनच टक्क्यांची. रेषा ११३ गिगाहर्ट्झच्या जवळ यायला हवी होती असा हिशेब निघेल. मग असा हिशेब करणारा खगोलशास्त्रज्ञ ११५.२७ वरची रेषा बघून, वारंवारता वाढलीय म्हणजे मेघ सेकंदाला सहा हजार किलोमीटरने आपल्याकडे धावत येतोय, असं वहीत लिहून मोकळा होईल.