अरबी भूतकाळातला मधला स्वर: या चुका टाळा

वहीत 'कतबा' असं लिहिलंत की पहिली चूक तिथंच झाली. अरबीत 'त्याने लिहिलं' याचा शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे. तो लांबवून 'कतबा' म्हटलं तर अर्थ होतो 'त्या दोघांनी लिहिलं', कारण अरबीत दोघांसाठी वेगळं रूप असतं. बरं, म्हणून 'कतब' लिहावं तर मराठी जीभ शेवटचा अ गिळते आणि 'कतब्' म्हणून मोकळी होते. 'तिने लिहिलं' हे 'कतबत' असं लिहिलं तर आणखी पंचाईत. आपण 'करवत' जसं 'कर्वत' म्हणतो, तसंच हेही 'कत्बत' होतं. म्हणजे ज्या मधल्या स्वरावर सगळा खेळ आहे, तोच उडतो.

माझ्या शनिवारच्या वर्गात म्हणून मी अक्षरं तोडून लिहायला लावते: क-त-ब, क-त-बत्. हलन्त चिन्ह नसेल तिथं प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारायचं. आठवडाभर पोरं हसतात, मग सवय होते. पुढं मीही तसंच लिहिणार आहे.

मूळ क्रियापदात बहुतेक वेळा तीन व्यंजनं असतात आणि शब्दकोशात ते 'त्याने केलं' या भूतकाळी रूपात सापडतं. साध्या, नियमित क्रियापदात पहिल्या आणि तिसऱ्या व्यंजनावर अ ठरलेला. बदलतो तो फक्त मधला: क-त-ब (लिहिलं), श-रि-ब (प्यायला), क-रु-म (उदार झाला). अ, इ, उ. म्हणजे फतहा, कसरा, दम्मा. कोकणात मदरशात शिकलेल्यांना हेच जबर, जेर, पेश म्हणून माहीत असतात. वर्तमानपत्रात वा साध्या पुस्तकात ही चिन्हं छापलेली नसतात, त्यामुळे नवशिक्या सगळ्या क्रियापदांना अ लावत सुटतो. श-रि-बचं 'श-र-ब' होतं आणि 'मी प्यायलो' हे श-रिब्-तु ऐवजी 'श-रब्-तु' होतं.

हा स्वर चुकला तर काय बिघडतं? कधी नुसतं कानाला खटकतं, कधी अर्थच बदलतो. सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या 'हिसाब'च्या घरातलं आहे. ह-स-ब म्हणजे मोजलं, हिशेब केला. ह-सि-ब म्हणजे त्याला वाटलं, त्याने धरून चाललं. ह-सु-ब म्हणजे तो खानदानी ठरला. चिन्हांशिवाय लिहिलं की तिन्ही तंतोतंत सारखी दिसतात.

मग ओळखायचं कसं? वाक्यात पुढं काय येतं ते बघायचं. वर्गात एका मुलाने 'माणसाने ह-स-ब घर रिकामं' अशा रचनेचं वाक्य वाचलं आणि भाषांतर केलं, 'माणसाने रिकामं घर मोजलं.' घर कोण मोजतं, असं तोच पुटपुटला. पण स्वर बदलून बघायचं त्याला सुचलं नाही. तिथं क्रियापदापुढं दोन कर्मं होती: घर आणि रिकामं. 'अमक्याला तमकं समजला' असा तो साचा आहे, म्हणून ह-सि-ब. अर्थ: 'त्या माणसाला वाटलं, घर रिकामं आहे.' क्रियापदापाठोपाठ 'अन्न', म्हणजे आपला 'की', आला तरी ह-सि-बच समजावं. नुसता पैसा, दिवस, संख्या असं एकच कर्म असेल तर ह-स-ब. आणि कर्मच नसेल, एखाद्या माणसाच्या कुळाबद्दल बोलणं चाललं असेल, तर ह-सु-ब. हे तिसरं रोजच्या लिखाणात क्वचितच भेटतं.

दुसरी चूक वर्तमानकाळात होते. भूतकाळातला मधला स्वर जसाच्या तसा पुढं नेता येत नाही. मध्ये उ असेल तर प्रश्नच नाही, वर्तमानातही उच राहतो: क-रु-म, यक्-रु-मु. मध्ये इ असेल तर वर्तमानात बहुधा अ येतो: श-रि-ब, यश्-र-बु. 'यश्-रि-बु' ही अगदी नेहमीची चूक. अपवाद थोडे आहेत. आपल्या 'वारसा'चं क्रियापद व-रि-थ, त्याचं य-रि-थु होतं. ह-सि-बला तर दोन्ही चालतात. कुराण पठणाच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. 104व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, हफ्स परंपरेच्या पठणात यह्-स-बु ऐकू येतं, तर वर्श परंपरेच्या पठणात यह्-सि-बु.

खरी डोकेदुखी अ-वाल्यांची. क-त-बचं यक्-तु-बु, ज-ल-सचं (बसला) यज्-लि-सु, ध-ह-बचं (गेला) यध्-ह-बु. दुसरं किंवा तिसरं व्यंजन घशातलं असेल तर अ येण्याची शक्यता वाढते, पण खात्री नाही. द-ख-लमध्ये (आत गेला) ख असूनही यद्-खु-लु होतं. इथं कोश बघण्याला पर्याय नाही. हान्स वेर यांच्या कोशात रोमन उच्चारापुढं एक सुटं अक्षर असतं, `kataba u` असं. तो `u` वर्तमानकाळाचा मधला स्वर आहे. पुष्कळजण त्याला संक्षेप समजून सोडून देतात.

आता इ आणि उ यांच्या अर्थाकडे. 'इ म्हणजे अवस्था, उ म्हणजे गुण' असं सूत्र पाठ करून मुलं येतात. उ-पुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे: क-बु-र (मोठा झाला), ह-सु-न (चांगला, सुंदर झाला), ब-उ-द (दूर झाला). ही क्रियापदं थेट कर्म घेत नाहीत. इ-ची गोष्ट तशी नाही. फ-रि-ह (आनंदला), त-इ-ब (दमला), म-रि-द (आजारी पडला) या येऊन जाणाऱ्या अवस्था, हे बरोबर. पण मराठीत मुरलेले शरबत, मालूम, कबूल हे तीन शब्द घ्या. त्यांच्यामागची श-रि-ब, अ-लि-म आणि क-बि-ल ही तिन्ही इ-वाली क्रियापदं आहेत आणि तिन्ही सरळ कर्म घेतात. तेव्हा इ दिसला की अकर्मक, हा निष्कर्ष काढू नका.

उ-वाल्यांपासून 'कारिम' असं कर्तृवाचक रूप करायचीही खोड असते. 'लिहिणारा' कातिब, म्हणून 'उदार' तो कारिम! पण गुणवाचकाचा नेहमीचा साचा करीम असा. हा साचा मराठी कानाला परका नाही: शरीफ, फकीर, गरीब. (अरबीत 'गरीब' म्हणजे परका, विचित्र. खिशाचा संबंध नाही.)

शेवटची चूक भाषांतरातली. क-रु-मचं 'तो उदार होता' असं केलं जातं. क-रु-म सांगतो की तो गुण अंगी आला. तो संपला असं त्यात कुठंच नाही. 'होता' म्हणायचं तर 'काना करीमन' म्हणा, आणि आजच्या लिखाणात तेच जास्त दिसेल. त-इब्-तु हे मात्र आपल्याला फुकट मिळतं. 'दमलो' म्हणणारा मराठी माणूस भूतकाळाचं रूप वापरून आत्ताची अवस्थाच सांगत असतो. 'समजलं' आणि फ-हिम्-तु यांचंही तसंच.

हे सगळं लिखित, प्रमाण अरबीचं. कैरोत चहा घेताना कुणी 'शिरिब' म्हणालं तर दुरुस्त करायला जाऊ नका. तिथल्या बोलीत तेच बरोबर आहे.