आधी गप्पा, मग प्रश्न : भाताच्या जुन्या वाणांविषयी म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलायला जाण्याची तयारी

बेळगावच्या पश्चिमेला उचगाव-बेळगुंदीकडे किंवा खाली खानापूर तालुक्यात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे शेतकरी अजून भेटतात. घरचं बियाणं, पावसाआधी कोरड्या मातीत कुरीने केलेली धूळवाफ पेरणी, बैलांची मळणी हे सगळं त्यांनी स्वतः केलेलं आहे. त्यांच्याकडून जुन्या भातांची नावं आणि ती कधी, का सुटली हे टिपायचं असेल, तर खरी तयारी प्रश्नांच्या कागदाची नाही. प्रश्न सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासाची आहे. त्या अर्ध्या तासात काय बोलायचं, काय टाळायचं आणि त्यातून काय हाती घेऊन पुढे जायचं, हे घरून ठरवून निघावं.

आधी दिवस ठरवा. जूनमधली पेरणी आणि दिवाळीनंतरची कापणी-मळणी हे दिवस सोडून द्या. त्या दिवसांत आजोबा स्वतः शेतात जात नसले तरी त्यांचं चित्त तिकडेच असतं. गावात लक्ष्मीच्या यात्रेआधीची वार पाळणूक सुरू असेल, तर पाळणुकीच्या वारी शेतकाम बंद असतं आणि माणसं निवांत घरी भेटतात. मात्र त्या दिवशी गाऱ्हाणं किंवा देवळात बैठक आहे का, हे आधी विचारून घ्या. वेळ सकाळी न्याहरीनंतरची बरी. दुपारी जेवणानंतर म्हाताऱ्या माणसाला डोळा लागतो, आणि संध्याकाळी घरात टीव्ही लागतो.

दुसरी तयारी स्वतःची आहे आणि ती बहुतेक जण विसरतात. पहिली मुलाखत तुमची होते. उंबरा ओलांडला की विचारतात, "कुठनं आलासा? गाव कुठलं? कुणाच्यात?" याची उत्तरं तयार हवीत आणि ती खरी हवीत. आपलं गाव, आडनाव, आजोळ आणि या बाजूला कुणी पाहुणे असतील तर त्यांचं गाव. आडनाव विचारण्यात जात विचारणं आहे, हे आपल्याला कळतं. तरी तिथे वाद घालू नका, सरळ सांगून पुढे चला. चंदगडकडे नातं असेल तर जरूर सांगा. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. हद्द बदलली, पण सोयरीक तशीच चालू राहिली. आजोबांची सासुरवाड किंवा आजींचं माहेर तिकडचं निघालं, तर पुढची दहा मिनिटं तुम्हाला काही विचारावंच लागत नाही.

काय विचारू नये हेही घरीच ठरवा. "तुमची जमीन किती?" हा प्रश्न पहिल्या बैठकीच्या सुरुवातीला चुकूनही नको, आणि उताऱ्याचं नाव तर काढूच नका. बायपास आणि रिंग रोडच्या भूसंपादनामुळे बेळगावच्या आसपासच्या गावांत अनोळखी माणूस वही घेऊन आला की "सर्व्हेचा आला" असंच आधी वाटतं. तीच गोष्ट सीमाप्रश्नाची. 1 नोव्हेंबरचा काळा दिवस, समिती, मोर्चे यांबद्दल बहुतेक मराठी घरांत कुणाला ना कुणाला सांगण्यासारखं असतं आणि ते टिपण्याजोगंही असतं. पण तुमचा विषय भात असेल, तर तो प्रश्न तुम्ही काढू नका. काढलात तर तुम्ही कुठल्या बाजूचे हे आजोबा आधी चाचपतील आणि मग बाजू पाहून बोलतील. त्यांनी आपणहून काढला तर मध्ये न तोडता ऐका.

हाक कशी मारायची हे ज्याने ओळख करून दिली त्याला विचारून घ्या. कुणाला गाव तात्या म्हणतं, कुणाला अण्णा, कुणाला मामा. गाव म्हणतं तेच आपण म्हणावं. "सर" तर नकोच. तुमची मराठी पुण्याची असेल तर ती तशीच असू द्या. त्यांच्यासारखं "जेवलासा काय?" म्हणायला गेलात तर ती नक्कल वाटते. त्यांच्या बोलण्यात कानडी शब्द आले तर ते सुधारू नका. उलट ते टिपून ठेवा, कारण अवजाराचं किंवा मापाचं नेमकं नाव अनेकदा त्याच शब्दात असतं.

आता रेकॉर्डर. बहुतेकांची मुलाखत इथेच फसते. गप्पा म्हणजे अजून काम सुरू झालेलं नाही, असं समजून यंत्र पिशवीत ठेवलं जातं. चहा येतो, आजोबा रंगात येतात आणि सगळ्यात चांगली गोष्ट तेव्हाच सांगून टाकतात. मग यंत्र काढून "मघाशी सांगितलंत ते परत सांगा" म्हटलं की दोन वाक्यांत उरकतात, कारण त्यांच्या मते ते सांगून झालेलं असतं. लपवून रेकॉर्ड करणं हा त्यावरचा उपाय नाही, ते करायचंच नाही. बसल्यावर, चहा यायच्या आधी, यंत्र त्यांच्या हातात द्या. "तुमचा आवाज यात राहतो. नको वाटेल तेव्हा सांगा, बंद करतो. कशासाठी वापरणार तेही सांगतो," असं सोप्या मराठीत बोला. त्यांची संमती तोंडी, त्यांच्याच शब्दांत रेकॉर्डवर घ्या. छापील कागदावर आल्याआल्या सही मागितली की पुन्हा सर्व्हेचा संशय येतो. कागद लागणारच असेल तर तो उठताना, वाचून दाखवून भरावा.

त्यांनी हो म्हटलं की यंत्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. लाकडी स्टुलावर नुसतं ठेवलं तर कपबशीचा प्रत्येक ठोका त्यात येतो. मग विचारा, "आज सकाळी काय खाल्लंत?" त्यांच्या उत्तरावर आवाज तपासून होतो, आणि हा माणूस अवघड काही विचारत नाही, हेही त्यांना कळतं. ते अर्धं मिनिट तिथेच कानाला लावून ऐका. पंखा घरघरतोय का, पत्र्यावर पाऊस वाजतोय का, आजोबांचा शेवटचा शब्द ऐकू येतोय का, ते पाहा. याच वेळी त्यांना कोणत्या कानाने बरं ऐकू येतं तेही लक्षात येतं. बोलताना ते एक बाजू पुढे करतात. मग त्या बाजूला सरकून बसावं.

गप्पांना विषय पुष्कळ आहेत. यंदाचा पाऊस, घराची कौलं, गोठ्यातली जनावरं, गोव्याला किंवा पुण्याला कामाला गेलेली नातवंडं. भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारताना मात्र हार घातलेला फोटो सोडून द्या. त्यातलं माणूस गेल्याच वर्षी गेलेलं असू शकतं. या सगळ्या बोलण्यात तुम्हाला एकच गोष्ट पदरात पाडायची आहे, ती म्हणजे आजोबांचं स्वतःचं कॅलेंडर. इसवी सन विचारलं तर बहुतेक जण अंदाजाने काहीतरी सांगतात. पण लग्न कधी झालं, थोरला कधी झाला, वडील कधी गेले, हे ते गावाला आठवणाऱ्या घटनांना बांधून अचूक सांगतात. त्यासाठी काही खुणा तुम्हाला पाठ हव्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला गावं म्हैसूर राज्यात गेली. एप्रिल 1957 मध्ये नवे पैसे आले, आणि आणे-पै हळूहळू गेले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. 1972 चा दुष्काळ. 1981 मध्ये निपाणीला तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. यात गावच्या लक्ष्मीच्या यात्रांची सालं घाला. ती बरीच वर्षं सोडून भरते, म्हणून तिचं साल पक्कं लक्षात राहतं, आणि देवळाच्या पंचमंडळीकडून ते आधीच कळू शकतं.

हे कॅलेंडर कसं उपयोगी पडतं ते एका उदाहरणावरून पाहा. समजा आजोबा गप्पांत म्हणाले, "लगीन झालं, त्याच्या फुडच्या साली भूकंप झाला. थोरला भूकंपानंतरच्या सुगीत." म्हणजे लग्न 1966 च्या सुमाराचं. भूकंप डिसेंबरचा, तेव्हा ती सुगी पुढच्या वर्षाची, म्हणजे थोरला 1968 च्या शेवटी झाला. हे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि गप्पा चालू ठेवा. तासाभराने प्रश्नांवर आलात की "जया भात कधी आलं?" असं विचारू नका. "थोरला पाळण्यात होता तेव्हा शेतात कुठलं भात होतं?" असं विचारा. "तवा आमचंच जुनं. जया आलं ते थोरला शाळेत जायला लागल्यावर," असं उत्तर आलं तर साल 1974-75 च्या आसपासचं निघतं. नव्या सुधारित वाणांपैकी आयआर-8 हा 1966 चा आणि जया 1968 चा. म्हणून कुणी "लग्नाच्या आधीपासून जया लावत होतो" म्हणालं, तर कुठेतरी गल्लत आहे, वाणाच्या नावात किंवा सालात. तिथे "चुकतंय" म्हणायचं नाही. त्या भाताची काडी उंच होती का बुटकी, लोळायचं का, ते विचारायचं. आयआर-8 आणि जया दोन्ही बुटके आहेत. काडी उंच आणि लोळणारी निघाली, तर ते दुसरंच भात आहे.

मापंही गप्पांतच काढा. घरात जुनी पायली किंवा मापटं दिसलं तर हातात घेऊन विचारा, "तुमच्याकडं मणाला किती पायल्या धरायचे?" गावागावाला हा हिशेब वेगळा होता. वीस मणांची खंडी ठरलेली, पण मणाच्या पायल्या वेगळ्या, आणि पायलीत भात घेतलंय की तांदूळ यावरही वजन बदलतं. हे आधी कळलं नाही, तर पुढे "दोन खंडी पिकायचं" या उत्तराचं क्विंटलमध्ये काहीच करता येत नाही.

घरात कोण कोण बसलंय तिकडेही लक्ष ठेवा. मुलगा बापाच्या आधी उत्तर देत असेल, तर गप्पा चालू असतानाच त्याला एखादं काम सांगा. परड्यात जुनी कुरी आहे का बघ, पेटीतला जुना फोटो आण. तो उठला की आजोबा मोकळे होतात. आणि दारात टेकून उभ्या असलेल्या आजीला वगळू नका. बियाणं निवडणं, वाळवणं, शेणाने लिंपलेल्या कणगीत भरून ठेवणं हे अनेक घरांत बायकांचं काम होतं. कुठलं भात किती वर्षं धरलं, हे तिलाच जास्त ठाऊक असू शकतं. "आज्जी, कणगीत कीड लागू नये म्हणून काय घालायचात?" एवढं गप्पांत विचारून ठेवा. तिची बैठक मात्र वेगळी घ्या, नवरा समोर नसताना, तिला सोयीच्या वेळी.

प्रश्नांकडे कधी वळायचं हे घड्याळावरून ठरत नाही. आजोबा तुम्हालाच विचारू लागले, "मग, काय विचारायचं हुतं तुम्हास्नी?", की वळा. तोपर्यंत कागद बाहेर काढू नका, आणि पहिला प्रश्न त्यांनीच गप्पांत टाकलेल्या शब्दावरून काढा. अर्धा-पाऊण तास गेला तरी उत्तरं "व्हय" आणि "न्हाई" यावरच थांबत असतील, नजर सारखी दाराकडे जात असेल, तर त्या दिवशी प्रश्न विचारूच नका. चहा घ्या, रेकॉर्डर त्यांच्यासमोर बंद करा आणि पुढचा वार त्यांनाच ठरवू द्या. घरी गेल्यावर त्याच रात्री कॅलेंडरचं पान नीट उतरवून काढा आणि दुसऱ्या भेटीला ते सोबत न्या.