चिखल्या: आधी पाय कोरडे, मग मलम

नवापूरकडे भातलावणीला आठ दिवस गुडघाभर चिखलात होते. करंगळीजवळच्या बेचक्यात कातडी भिजलेल्या पावासारखी पांढरी झाली, मग चिरली. दुकानातून खाजेचं मलम आणलं. दोन दिवस खाज थांबली, नंतर चिखल्या दुप्पट पसरल्या. त्या मलमात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज दबते, बुरशी फोफावते.

मग रोज संध्याकाळी साबणानं पाय धुऊन प्रत्येक बेचकं जुन्या लुगड्याच्या फडक्यानं टिपायला लागले. बुरशी मारणारं साधं क्लोट्रिमॅझोल मलम सकाळ-संध्याकाळ पातळ लावलं, रात्री बोटांत कापूस ठेवला. आठवड्यात चिरा मिटल्या, तरी मलम चार आठवडे लावलं. मधेच सोडलं की परत येतं.

सासूबाईंना साखर आहे, त्यांना थेट दवाखान्यात नेलं. लाली पावलावर चढली किंवा ताप आला, तर तुम्हीही मलमावर थांबू नका.