ग्रीस ट्रॅप किती मोठा आणि कुठे?

हॉटेलचा ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी, टेबलांच्या संख्येवरून नव्हे, सिंकवरून ठरवा. समजा भांडी घासायच्या सिंकला दोन कप्पे आहेत, प्रत्येकी 60 बाय 45 सेंमी आणि 30 सेंमी खोल. एका कप्प्यात 81 लिटर, दोन्हींत 162. आत भांडी असतात, म्हणून पाणी तीन चतुर्थांशच धरायचं, साधारण 120 लिटर. दोन्ही बुचं एकदम काढली आणि सिंक मिनिटभरात रिकामं झालं, तर मिनिटाला 120 लिटर झेपणारा ट्रॅप हवा. लहान घेतलात तर पाणी वेगाने आत घुसतं, तेलाला वर यायला उसंत मिळत नाही आणि ते थेट ड्रेनेजमध्ये जातं.

ट्रॅप सिंकजवळच बसवा. लांब ठेवला तर तूप-डालडा वाटेतल्या पाइपातच थिजतं. झाकण पूर्ण उघडेल इतकी जागा मात्र सोडाच, नाहीतर सफाई टळत राहते. आधी खरकट्याची जाळी हवी. संडासाची लाइन यात कधीही जोडू नका. डिशवॉशरचंही कढत पाणी नको, त्याने साचलेलं तेल पातळ होऊन पुढे निसटतं. वरचा तवंग आणि तळचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीचा चौथा हिस्सा झाला, की उपसा.